नवरी शार्प, पण मागचा पडदा वळवळतो: मास्क लावूनही सपाट भागात नॉइज का दिसतो आणि तो कसा थांबवायचा

वर्धा रोडच्या लॉनवरचं संध्याकाळचं लग्न. स्टेजवर नवरी बसलेली, हिरवा शालू, नाकात नथ, कपाळावर मुंडावळ्या आणि दोन मीटर मागे मरून रंगाचा साधा पडदा. शॉट थोडा मऊ आला म्हणून शार्पनिंग टाकलं. फक्त नवरीवरच बसावं म्हणून तिच्याभोवती मास्क काढला, ट्रॅकही केला. एडिटिंगच्या मॉनिटरवर सगळं छान वाटलं. पेन ड्राइव्ह घरी गेला, मोठ्या टीव्हीवर लागला आणि फोन आला: ‘भाऊ, मागचा पडदा हलून राहिला ना.’

पडदा हलत नसतो. त्यावरचा नॉइज हलत असतो, मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखा. मास्क आहे म्हणजे पडदा सुरक्षित, असं आपण धरून चालतो, आणि म्हणूनच ही अडचण पुन्हा पुन्हा येते. मास्क फक्त जागा ठरवतो. त्या जागेत काय उठवायचं आणि काय सोडायचं हे त्याला कळत नाही. शिवाय त्याची मऊ कड बहुतेक वेळा नेमकी पडद्यावरच सांडलेली असते.

खालच्या पायऱ्या डाविंची रिझॉल्व्हच्या कलर पेजवरच्या आहेत. प्रीमियरवाल्यांसाठी फरक पुढे दिला आहे.

आधी बघा, वळवळ नक्की कुठे आहे

शॉट शंभर टक्के झूमवर ठेवा आणि चालू करून बघा. ‘फिट’वर चित्र लहान होतं, शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि अर्धा नॉइज तिथेच झाकला जातो. थांबवलेल्या फ्रेममध्येही काही कळणार नाही, कारण एका फ्रेममधला नॉइज नुसता दाणेदार पोत वाटतो. प्लेबॅक अडखळत असेल तर आधी क्लिप कॅश होऊ द्या. फ्रेम गळत असतील तर तुम्ही बघताय ती वळवळ खरी आहे की अडखळणं, हे सांगता येत नाही.

नवरीच्या डोक्याभोवती, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात पडदा उकळल्यासारखा दिसतो आणि त्यापलीकडे शांत असेल, तर मास्कची फेदर बाहेर सांडली आहे. ही तक्रार सगळ्यात जास्त येते. नवरीने मान हलवली की हा पट्टाही तिच्यासोबत सरकतो, म्हणून तो लगेच डोळ्यात येतो. पडदा शांत आहे पण गाल, कपाळ किंवा शालूचा काठ नसलेला साधा भाग रवाळ झाला असेल, तर मास्क बरोबर आहे, थ्रेशोल्ड नाही. मास्कची कडच थरथरत असेल, म्हणजे शार्प भाग एका फ्रेममध्ये मोठा आणि पुढच्यात लहान होत असेल, तर मास्क रंगावरून काढलेला आहे आणि त्या रंगातच नॉइज आहे. आणि काढलेल्या फाइलमध्ये सगळा पडदा एका ठरावीक तालात, दर सेकंदाला किंवा अर्ध्या सेकंदाला, झटका दिल्यासारखा बदलत असेल, तर शार्पनिंगचा दोष नाही. तो एक्स्पोर्टचा दोष आहे, त्याचं शेवटी बघू.

असं का होतं

शार्पनिंग नवा तपशील आणत नाही. चित्राची एक धूसर प्रत काढली जाते, मूळ चित्रातून ती वजा होते आणि उरलेला फरक वाढवून मूळ चित्रात परत मिसळला जातो. आता पडद्याकडे बघा. समजा त्याची उजळता 0 ते 255 च्या मापात 40 आहे आणि नॉइजमुळे काही पिक्सेल 42, काही 38 आहेत. धूसर प्रतीत सगळे 40 च्या आसपास येतात, म्हणजे फरक उरतो अधिक-उणे 2. शार्पनिंगची मात्रा दीडपट असेल तर 42 चा पिक्सेल 45 होतो आणि 38 चा 35. चारचं अंतर दहा झालं. पुढच्या फ्रेममध्ये नॉइज नव्याने पडतो, आत्ता 45 असलेला पिक्सेल 35 होतो, आणि हे सेकंदाला 25 वेळा घडतं. नथीचा मोती मात्र प्रत्येक फ्रेममध्ये आपल्या जागी असतो, त्याची कड हलत नाही. म्हणून मोती शार्प दिसतो आणि पडदा जिवंत दिसतो. सपाट जागी डोळ्याला दुसरं काही बघायलाच नसतं, त्यामुळे तिथली थोडी हालचालही लपत नाही.

याच हिशोबात उपायही आहे. मोत्याच्या कडेला तोच फरक 30-40 पर्यंत जातो, पडद्यावर तो 2 असतो. ‘4 पेक्षा लहान फरकाला हात लावू नको’ असं सांगता आलं तर मोती उठेल आणि पडदा तसाच राहील. यालाच थ्रेशोल्ड म्हणतात, आणि मास्कपेक्षा खरं काम तोच करतो. त्याची हद्दही इथेच कळते: कातडीवरची छिद्रं, पापणीचे बारीक केस, शालूच्या विणीचा पोत यांचा फरकही 3-4 च्याच घरात असतो. नॉइज आणि हा बारीक तपशील एकाच उंचीचे असले तर कुठलाही थ्रेशोल्ड त्यांना वेगळं करू शकत नाही. तिथे आधी नॉइज खाली आणावा लागतो, मग शार्पनिंग.

नमुना शॉट: नोडची मांडणी

वरचाच शॉट घेऊ. 8 सेकंद, 25 फ्रेम, म्हणजे 200 फ्रेम. 1920 × 1080, 8 बिट, आयएसओ 6400. चेहरा साधारण 300 पिक्सेल उंच.

चार सिरियल नोड करा. पहिला नॉइजसाठी, दुसरा रंग आणि उजेडासाठी, तिसरा पार्श्वभूमीसाठी, चौथा शार्पनिंगसाठी. क्रम महत्त्वाचा आहे. शार्पनिंग आधी आणि नॉइज रिडक्शन नंतर केलं, तर आधी फुगवलेला नॉइज नंतर पुसायचा प्रयत्न होतो आणि त्यात नथीची कडही पुसली जाते. शार्पनिंग आधी आणि रंग नंतर, असंही नको. अंधारा भाग उचलला की पडद्यावरचा अधिक-उणे 2 चा नॉइज 3-4 होतो आणि तुम्ही ठरवलेला थ्रेशोल्ड तोकडा पडतो. रंग आधी पक्का करा, मगच चौथ्या नोडला हात लावा. क्लायंटने नंतर ‘थोडं उजळ करा’ म्हटलं तर थ्रेशोल्ड परत तपासायचा.

पहिल्या नोडमधलं नॉइज रिडक्शन रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीतच मिळतं. Temporal NR मध्ये Frames 2 ठेवा, Motion Est. Type वर Better. Luma आणि Chroma चा Threshold जोडलेला असेल तर आधी सोडवा. Luma 6 ते 8 पासून सुरू करा, Chroma 12 ते 15 पर्यंत नेलं तरी चालतं, कारण रंगातले डाग काढताना तपशील कमी जातो. टेम्पोरल पद्धत आजूबाजूच्या फ्रेमची तुलना करते, म्हणजे वळवळीच्या मुळावरच घाव घालते. पण ती हललेल्या भागावर चुकते. नवरीचा हात वरमाला घेऊन वर जातो त्या फ्रेम एकेक करून बघा. बांगड्यांच्या मागे फिकट सावली ओढली गेलेली दिसली तर Luma कमी करा. स्टेजवरचे एलईडी पार दिवे लुकलुकत असतील तरी हीच अडचण येते, कारण सलग फ्रेमची उजळताच सारखी नसते. मग टेम्पोरल जवळपास शून्यावर आणून स्पेशियलवर थोडं काम भागवावं लागतं.

स्टुडिओ आवृत्ती नसेल तर पहिला नोड रिकामा सोडा. तिसरा नोड बऱ्यापैकी भरपाई करतो.

मास्क: कड आत ओढा

आता चौथा नोड. विंडोमध्ये कर्व्ह घ्या, वर्तुळ नको. चेहरा, मुंडावळ्या, नथ, गळ्यातले दागिने आणि शालूचा वरचा काठ यांच्याभोवती आकार काढा, पण रेषा डोक्याच्या कडेवर नेऊ नका. कडेच्या 10 ते 15 पिक्सेल आत ठेवा. कर्व्ह विंडोला मऊपणाची दोन वेगळी मापं असतात, आतली आणि बाहेरची. बाहेरची शून्यावर किंवा अगदी नाममात्र ठेवा, आतली वाढवा. बहुतेक जण नेमकं याच्या उलट करतात. मऊ कड चांगली दिसते म्हणून ती बाहेर पसरवतात, आणि तोच डोक्याभोवतीचा उकळता पट्टा.

केसांची बाहेरची कड मग शार्प होणार नाही, हे खरं आहे. होऊही नये. अंधाऱ्या पडद्यासमोर केसांची कड शार्प केली की तिच्याभोवती पांढरट रेघ उमटते आणि नवरी कापून चिकटवल्यासारखी वाटते. बघणाऱ्याची नजर डोळे, नथ आणि ओठांवर असते. तिथे धार आली की सगळा चेहरा शार्प वाटतो.

Shift+H दाबून मास्क बघा. पडदा पूर्ण राखाडी दिसला पाहिजे. डोक्याच्या बाहेर कुठेही मूळ मरून रंगाची छटा दिसत असेल, तर फेदर अजून सांडते आहे.

रंगावरून, म्हणजे क्वालिफायरने मास्क काढायचा मोह इथे होतो. कातडीवर पिपेट टेकवला की काम झटपट होतं. पण 8 बिटच्या, 4:2:0 फुटेजमध्ये रंगाची माहिती उजळतेच्या एक चतुर्थांश पिक्सेलांपुरतीच असते आणि तिच्यात नॉइज जास्त असतो. मग दर फ्रेमला गालावरची काही टिंबं मास्कमध्ये येतात आणि काही जातात. शार्पनिंग त्या टिंबांवर चालू-बंद होतं. म्हणजे आधी नुसता नॉइज होता, आता मास्कचाही नॉइज आला. तरी क्वालिफायर लागणारच असेल तर तो पहिल्या नोडनंतर, स्वच्छ झालेल्या चित्रावरून घ्या, Clean Black आणि Clean White थोडे चढवा, Blur Radius द्या आणि त्याला कर्व्ह विंडोच्या आतच कोंडून ठेवा.

ट्रॅकिंग करताना ट्रॅकरमध्ये 3D बंद ठेवा, बसलेल्या माणसाला त्याची गरज नसते. नवरी समोर, सरळ बघते आहे अशा फ्रेमवर आकार काढा आणि तिथून पुढे आणि मागे दोन्हीकडे ट्रॅक करा. 200 फ्रेममध्ये सहसा एक-दोन जागी गोंधळ होतो: हात चेहऱ्यासमोरून जातो किंवा कोणी अक्षता टाकायला वाकतं. तिथे विंडो हाताबरोबर सरकून पडद्यावर जाते आणि वळवळ परत येते. अशा जागी ट्रॅकर Clip वरून Frame वर आणा, गोंधळाच्या आधी आणि नंतर विंडो हाताने जागेवर बसवा. मधल्या फ्रेम आपोआप भरल्या जातात. Clip वर असताना विंडो सरकवली तर ती सगळ्या शॉटभर सरकते, एवढं लक्षात ठेवा.

शार्पनिंगची मापं

चौथ्या नोडवर राइट क्लिक करून त्याचा कलर स्पेस Lab करा आणि Channels मधून चॅनल 2 आणि 3 बंद करा. आता शार्पनिंग फक्त उजळतेवर चालेल. पडद्यावरच्या आणि गालावरच्या वळवळीतला लाल-हिरवा भाग यानेच जातो, आणि नथीच्या कडेची धार तसूभरही कमी होत नाही. एवढा स्वस्त उपाय असून फार थोडे लोक करतात.

ब्लर पॅलेटमध्ये Sharpen चा मोड घ्या. Radius मुळात 0.50 असतो आणि खाली नेला की शार्प होतो. Scaling 0.25 वरच राहू द्या. थ्रेशोल्डचं काम करणारी दोन मापं इथे आहेत, Level आणि Coring Softness. Level म्हणजे किती लहान फरक सोडून द्यायचा, Coring Softness म्हणजे सोडलेला आणि घेतलेला यांच्यामधली सीमा किती मऊ ठेवायची.

ही मापं डोळ्यांनी पकडायची एक खात्रीची रीत आहे. Radius मुद्दाम 0.35 पर्यंत खाली न्या, शॉट घाणेरडा दिसू द्या. गालाचा सपाट भाग शंभर टक्के झूमवर घ्या आणि चालू ठेवून Level हळूहळू चढवा. एका टप्प्यावर गालावरचे दाणे एकदम बसतात, पण नथ आणि पापण्या अजून उठलेल्या असतात. तिथे थांबा. आता Coring Softness थोडा द्या, कारण नुसत्या Level ने पापण्यांजवळ शार्प आणि बिनशार्प यांच्यात तुटक कड येते, आणि सीमेवरचे दाणे आत-बाहेर करत लुकलुकतात. मग Radius परत 0.46 ते 0.48 वर आणा. या शॉटला 0.47 पुरतो. 0.45 च्या खाली गेलात की जरीचे धागे चमचमायला लागतात. तो नॉइज नसतो. बारीक धागे पिक्सेलांच्या जाळीत मावत नाहीत, म्हणून शालू हलला की ते चमकतात, आणि थ्रेशोल्डने ते थांबत नाही. शालूचा काठ विंडोच्या बाहेर काढा किंवा Radius वर घ्या.

Level खूप चढला की चेहरा प्लॅस्टिकचा वाटतो: डोळे आणि ओठ धारदार, मधली कातडी गुळगुळीत. अशा वेळी Level खाली आणा आणि पहिल्या नोडमधला Luma Threshold किंचित वाढवा. हातात स्टुडिओ आवृत्ती नसेल तर Level वरच ठेवून Radius 0.48 वर समाधान माना. आयएसओ 6400 च्या 8 बिट फुटेजमधून याहून जास्त काढता येत नाही.

पडद्यासाठी वेगळा नोड

तिसऱ्या नोडचं काम साधं आहे. चौथ्या नोडमधली विंडो ट्रॅकिंगसकट इथे कॉपी करा, उलटी करा आणि मग तिला बाहेरच्या बाजूला मोठी करा, इतकी की नवरीच्या कडेपासून 30 ते 40 पिक्सेलांचा पट्टा दोन्ही नोडच्या बाहेर राहील. ना शार्प, ना धूसर, मूळ चित्र. इथे फेदर मऊ चालते. आता ब्लर मोडमध्ये Radius 0.52 ते 0.54. पडदा मुळातच फोकसच्या बाहेर आहे, त्यात गमावण्यासारखा तपशील नाही, पण पिक्सेलाएवढे दाणे एवढ्याशा ब्लरने विरघळतात.

मधला पट्टा का ठेवायचा? ब्लर शेजारचे पिक्सेल खेचतो. पट्टा नसेल तर नवरीच्या केसांचा काळा रंग पडद्यावर पसरतो आणि डोक्याभोवती धूर दिसतो.

ब्लर जास्त झाला तर दुसरी अडचण उभी राहते. पडद्यावर वरून खाली उजेड हळूहळू कमी होत असेल, तर 8 बिटमध्ये त्या उतारावर पट्ट्या दिसायला लागतात, कारण थोडा नॉइज त्या पट्ट्या झाकत होता. म्हणून पडदा काचेसारखा स्वच्छ करायच्या मागे लागू नका. दाणे राहू द्या, फक्त ते नवरीभोवती आणि बाकी पडद्यावर सारखे असले पाहिजेत. सगळीकडे सारखा असलेला हलका नॉइज कोणाच्या नजरेत येत नाही, तुकड्यातुकड्यात वेगळा असलेला येतो.

मागे पडद्याऐवजी संध्याकाळचं आकाश असेल, फुटाळा तलावाच्या काठावरचे प्री-वेडिंग शॉट असतात तसे, तर 0.52 च्या वर जाऊच नका. आकाशात पट्ट्या सगळ्यात आधी दिसतात.

प्रीमियरमध्ये

तिथे Sharpen नावाचा इफेक्ट आणि ल्युमेट्रीमधला शार्पनचा स्लायडर, दोन्हींत थ्रेशोल्ड नाही. या कामाला Unsharp Mask घ्या: Amount 50, Radius 1, Threshold 4 पासून सुरू करा आणि गाल शांत होईपर्यंत Threshold वाढवा. त्याच इफेक्टखालच्या पेनने मास्क काढा. Mask Expansion उणे करा, साधारण फेदरच्या निम्म्याने, कारण इथे फेदर रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरते. Mask Path पुढे आणि मागे ट्रॅक करा. इफेक्ट वरून खाली चालतात, म्हणून नॉइज कमी करणारा इफेक्ट वर आणि Unsharp Mask खाली ठेवा.

शार्पनिंग कुठे बसलं, हे डोळ्यांनी बघायची सोय

रिझॉल्व्हच्या एडिट पेजवर क्लिप Alt धरून वरच्या ट्रॅकवर कॉपी करा. खालच्या क्लिपचा फक्त चौथा नोड बंद करा. वरच्या क्लिपचा Composite Mode Difference करा. आता स्क्रीनवर शार्पनिंगने जे घातलं तेवढंच उरेल, बाकी काळं. वर एक अॅडजस्टमेंट क्लिप टाकून तिचा गेन भरपूर चढवा. नथ, पापण्या, भुवया, ओठांची कड, मुंडावळ्यांचे मणी चमकले पाहिजेत. गाल जवळपास काळे. पडदा पूर्ण काळा. पडद्यावर एक जरी राखाडी ठिपका लुकलुकत असेल तर तो कुठून येतो हे लगेच दिसतं: डोक्याभोवती असेल तर फेदर, कुठेतरी दूर असेल तर ट्रॅक सरकला आहे.

एक्स्पोर्टनंतर परत वळवळ आली तर

टाइमलाइनवर पडदा शांत आणि फाइलमध्ये अशांत, असं झालं तर आधी तोच 8 सेकंदांचा तुकडा DNxHR HQ मध्ये काढून बघा. त्यात वळवळ नसेल तर तुमचे नोड बरोबर आहेत, दोष एच.264 च्या बिटरेटचा. बिटरेट अपुरा असला की एन्कोडर सपाट, अंधाऱ्या भागातला नॉइज पुसून टाकतो आणि पुढच्या कीफ्रेमला परत आणतो. त्यामुळे पडदा ठरावीक तालात झटका मारतो. 1080 च्या 25 फ्रेमच्या फाइलला 8 एमबीपीएस ठेवले असतील तर 20 करा. टीव्हीवर पेन ड्राइव्हने बघायच्या फाइलला हा आकार जड नाही.

फाइलमधली वळवळ मोजून बघायची असेल तर पडद्याचा एक तुकडा कापून लागोपाठच्या फ्रेममधला फरक आठपट वाढवून बघता येतो:

```
ffmpeg -i shot.mp4 -t 8 -an -vf "crop=400:300:1400:120,format=gray,tblend=all_mode=difference,lut=c0=val*8,format=yuv420p" check.mp4
```

इथे 400:300 हा तुकड्याचा आकार आणि 1400:120 ही त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याची जागा. पडदा जिथे असेल तिथली घाला. कॅमेरा स्टँडवर असला पाहिजे, नाहीतर पडद्याच्या चुण्याच फरक म्हणून दिसतील. शार्पनिंग बंद ठेवून काढलेल्या फाइलवरही हीच आज्ञा चालवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. दोन्ही सारख्याच काळपट असतील तर पडद्यावर शार्पनिंग पोचलेलं नाही. दोन्ही सारख्याच भुरभुरत असतील तर तो कॅमेऱ्याचा नॉइज आहे, पहिल्या किंवा तिसऱ्या नोडमध्ये उपाय करा. सगळं काळं आणि मधूनच एक फ्रेम उजळत असेल तर कीफ्रेमचा झटका.

आणि फोन करणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: टीव्हीचा पिक्चर मोड कोणता आहे? दुकानातून आलेले बरेच टीव्ही व्हिविड किंवा डायनॅमिकवर असतात. त्या मोडमध्ये टीव्ही स्वतःचं शार्पनिंग सगळ्या चित्रावर टाकतो, त्याला ना मास्क असतो ना थ्रेशोल्ड. तो मोड सिनेमा किंवा मूव्हीवर घ्यायला सांगा आणि शार्पनेस खाली आणायला सांगा. पडदा थांबला, तर फाइल परत काढायची गरज नाही. नाही थांबला, तर डोक्याभोवतीच्या पट्ट्यापासून तपासायला सुरुवात करा.